१०४ कोटींचा अहवाल, ३६ कोटींची वाढ: एका विलीनीकरणातील सिनर्जीच्या मोजणीचे प्रकरण

पॅकेजिंग साहित्य बनवणाऱ्या दोन कंपन्यांचे विलीनीकरण होऊन दोन वर्षे पूर्ण झाली, तेव्हा संचालक मंडळापुढे दोन कागद आले. पहिला एकत्रीकरण कार्यालयाचा अहवाल होता आणि त्यात वार्षिक १०४ कोटींच्या सिनर्जी, म्हणजे दोन कंपन्या एकत्र आल्यामुळेच होणारी बचत आणि जादा कमाई, ‘साध्य’ झाल्याचे लिहिले होते. दुसरा कागद त्याच वर्षाचे नफा-तोटा पत्रक होता. त्यात दोन्ही कंपन्यांचा एकत्रित कार्यकारी नफा विलीनीकरणाआधीच्या एकत्रित आकड्यापेक्षा फक्त ३६ कोटींनी वाढलेला दिसत होता. उरलेले ६८ कोटी कुठे गेले, या एका प्रश्नाचा माग म्हणजे हे प्रकरण. दोन्ही कंपन्या आणि त्यांचे आकडे विवेचनासाठी मांडलेले आहेत. ज्या चुका त्यातून पुढे येतात त्या मात्र या कामात असलेल्या कोणालाही अपरिचित वाटू नयेत. सोयीसाठी विकत घेणाऱ्या कंपनीला थोरली आणि विकत घेतलेल्या कंपनीला धाकटी म्हणू.

थोरलीने धाकटीचे समभाग बाजारभावापेक्षा एकूण ५०० कोटी जास्त देऊन घेतले होते. या अधिमूल्याचे समर्थन म्हणून तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस वर्षाला १२० कोटींच्या सिनर्जी मिळतील, असे भागधारकांना सांगण्यात आले होते. त्यांपैकी ९० कोटी खर्चातील बचतीचे होते: कच्च्या मालाच्या खरेदीत ४५, मनुष्यबळ व मुख्यालयाच्या खर्चात ३० आणि कारखाने व वाहतुकीत १५. उरलेले ३० कोटी महसुलातून यायचे होते. एका कंपनीच्या ग्राहकांना दुसरीचा माल विकून १०० कोटींची जादा विक्री होईल आणि बदलता खर्च वजा जाता त्यातले ३० टक्के हाती राहतील, असा तो हिशेब होता. हे सगळे घडवून आणण्यासाठी एकदाच करायचा खर्च ११० कोटी धरला होता. चोविसाव्या महिन्याचे नियोजित लक्ष्य ९५ कोटींचे होते, त्यामुळे १०४ चा आकडा पाहून मंडळाने अभिनंदनाचा ठराव मांडायला घेतला होता. तो पुढे ढकलला गेला, कारण लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांनी दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवून वित्त नियंत्रकांना ताळमेळ लावायला सांगितले.

नियंत्रकांनी पहिल्यांदा काळाचा फरक बाजूला काढला, आणि हा क्रम योग्यच होता. एकत्रीकरण कार्यालयाचा आकडा वार्षिकीकृत होता. महिनाअखेरीस जी बचत सुरू झालेली असते तिला बारा महिन्यांचे गणित लावले की हा ‘रन-रेट’ मिळतो. मार्चमध्ये एक भाडेकरार संपला आणि महिन्याला २५ लाख वाचू लागले, तर अहवालात लगेच ३ कोटी दिसतात. त्या वर्षाच्या पत्रकात मात्र त्यातले २५ लाखच उतरतात. यात फसवणूक काही नाही, कारण भविष्यातली कमाई समजायला रन-रेटच लागतो. अडचण होते ती रन-रेट आणि प्रत्यक्ष वर्षातला लाभ एकाच रकान्यात लिहिले जातात तेव्हा. इथे तसेच झाले होते. पण हा फरक वजा करूनही मोठी तफावत उरत होती, आणि ती समजण्यासाठी प्रत्येक बचत कशाच्या तुलनेत मोजली आहे हे विचारावे लागले.

सुरुवात खरेदीपासून झाली, कारण अहवालातला सर्वांत मोठा आकडा तिथला होता: ४५ च्या आश्वासनासमोर ४६ कोटी. नियंत्रकांनी सगळी यादी न पाहता फक्त एक वस्तू हातात घेतली. पिशव्यांच्या फिल्मसाठी लागणारे प्लास्टिकचे दाणे दोन्ही कंपन्या मिळून वर्षाला २ कोटी किलो घेत होत्या. त्यातले ८० लाख किलो धाकटीचे आणि १ कोटी २० लाख किलो थोरलीचे. सौद्याच्या वेळी धाकटी किलोला १०० मोजत होती आणि थोरली ९६. एकत्रित खरेदीचा नवा करार ८८ ला झाला. खरेदी विभागाचे गणित सरळ होते. धाकटीच्या मालावर किलोमागे १२ वाचले, म्हणजे ९.६ कोटी, थोरलीच्या मालावर ८ वाचले, म्हणजे तेही ९.६ कोटी, एकूण १९.२ कोटी.

मधल्या काळात याच दाण्यांचा बाजारनिर्देशांक १०० वरून ९३ वर आला होता. विलीनीकरण झालेच नसते तरी धाकटीला ९३ च्या आणि थोरलीला सुमारे ८९.३ च्या आसपास माल मिळाला असता, कारण दोघींचेही जुने करार निर्देशांकाशी बांधलेले होते. त्या दरांशी तुलना केली तर धाकटीच्या मालावर किलोमागे ५ आणि थोरलीच्या मालावर जेमतेम १.२८ वाचतात, म्हणजे अनुक्रमे ४ कोटी आणि सुमारे दीड कोटी. १९.२ कोटींच्या जागी साडेपाच कोटी उरले. बाकीचे जवळपास १४ कोटी बाजाराने दिले होते. त्यातला बहुतेक भाग तर, कच्चा माल स्वस्त झाला की विक्रीचा दरही उतरवायचा या करारांतल्या दरकलमानुसार, ग्राहकांकडे परतही गेला होता, त्यामुळे नफ्यात तो शोधून सापडणारच नव्हता.

खरेदीप्रमुखांना हे पटले नाही. “साहेब, आमच्या माणसांनी पुरवठादारांशी चार महिने घासाघीस केली, आणि तुम्ही ते बाजाराच्या खात्यावर टाकताय,” असे ते म्हणाले. नियंत्रकांनी वाद घातला नाही, फक्त एक कागद मागितला: बचत जाहीर झाल्यावर कारखान्यांच्या खरेदी अंदाजपत्रकातून किती रक्कम कापली गेली? बचत ४६ कोटींची सांगितली होती, कापणी २१ कोटींची झाली होती. सिनर्जीच्या आकड्याची इतकी स्वस्त आणि इतकी खात्रीची परीक्षा दुसरी मला माहीत नाही. ज्या विभागात पैसे वाचले असे सांगितले जाते, त्याचे अंदाजपत्रक तेवढ्याने उतरले नसेल तर दोनच शक्यता उरतात: पैसे वाचलेच नाहीत, किंवा वाचून दुसरीकडे खर्च झाले. इतर वस्तूंच्या बाबतीत मात्र निर्देशांक जवळपास स्थिर होता आणि तिथली बचत खरी निघाली, त्यामुळे खरेदीचा आकडा ४६ वरून ३२ वर येऊन थांबला. ३२ आणि २१ यांतला फरक दुसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात झालेल्या करारांचा होता. त्यांची कापणी पुढच्या अंदाजपत्रकात व्हायची होती आणि ती झाल्याचे नंतर तपासले गेले.

मनुष्यबळाचे प्रकरण वेगळ्या प्रकारचे होते. अहवालात ३५० पदे कमी झाल्याचे आणि प्रत्येक पदामागे सरासरी ८ लाख, म्हणजे एकूण २८ कोटी वाचल्याचे म्हटले होते. पगारपत्रकाशी ताडून पाहिल्यावर पदे खरोखरच कमी झालेली दिसली. पण त्यांपैकी ६० पदांचे काम आठ-दहा महिन्यांत कंत्राटी माणसे आणि सल्लागार यांच्याकडे गेले होते, आणि त्यांची बिले ‘व्यावसायिक सेवा’ या शीर्षाखाली लागत होती. पगारपत्रक हलके झाले होते, कंपनी हलकी झाली नव्हती. आणखी ४० पदे धाकटी कंपनी स्वतःच कमी करणार होती. सौद्याच्या सहा महिने आधी तिच्या संचालकांनी ती योजना मंजूर केली होती आणि तिच्या स्वतंत्र अंदाजपत्रकात बचत धरलेलीही होती. दोन्ही मिळून १०० पदांचे ८ कोटी वजा झाले आणि २० उरले.

विकली जाणारी कंपनी आधीपासून जी बचत करत असते ती कोणाच्या खात्यात लिहायची, हा प्रश्न मोठमोठ्या सौद्यांतही येतो. एबी इनबेव्हने सॅबमिलर ही बिअर कंपनी घेतली तेव्हा २०१५ साली वर्षाला १.४ अब्ज डॉलरच्या खर्च सिनर्जी जाहीर केल्या होत्या, आणि सॅबमिलरच्या स्वतःच्या १.०५ अब्ज डॉलरच्या बचत योजनेशिवायच्या त्या आहेत हे त्याच वेळी स्पष्ट केले होते. पुढे सौदा पूर्ण झाल्यावर दोन्ही आकडे एकत्र करून २.४५ अब्जांचे लक्ष्य सांगितले जाऊ लागले, आणि नंतर तेही वाढवले गेले. बेरीज उघडपणे केलेली होती, त्यामुळे वाचणाऱ्याला ती सोडवता येत होती. आपल्या प्रकरणातल्या अहवालात मात्र त्या ४० पदांची वेगळी ओळच नव्हती. आधाररेषा म्हणून सौद्याच्या दिवसाचा खर्च घेतला होता. घ्यायला हवा होता तो विलीनीकरण झाले नसते तर पुढच्या तीन वर्षांत जसा चालला असता तसा खर्च. या दोन आधाररेषांमध्ये जे काही बसते, मग तो बाजारभाव असो की आधीची योजना, ते सगळे पहिल्या पद्धतीत सिनर्जी म्हणून मोजले जाते.

कारखाने व वाहतुकीचे ८ कोटी खरे होते. दुसरा कारखाना बंद करायला उशीर झाला होता आणि अहवालाने ते प्रामाणिकपणे सांगितले होते.

महसुलाच्या बाजूला मात्र आकडा नुसता फुगलेला नव्हता, त्याची दिशाच उलटी निघाली. विक्री प्रणालीत एक खूण होती. थोरलीच्या ग्राहकाने धाकटीचा माल घेतला, किंवा धाकटीच्या ग्राहकाने थोरलीचा, की ती मागणी ‘परस्पर विक्री’ म्हणून नोंदली जायची. अशा नोंदी ७३ कोटींच्या होत्या, त्याला ३० टक्के लावून २२ कोटींचा लाभ दाखवला होता. नियंत्रकांच्या सहकाऱ्यांनी ग्राहकांची यादी दोन्ही कंपन्यांच्या जुन्या खातेवह्यांशी लावली, तेव्हा ३१ कोटींची विक्री आधीपासूनच दोघींकडून माल घेणाऱ्या ग्राहकांना झालेली दिसली. ते पूर्वीही धाकटीचा माल घेत होते, फक्त बिल वेगळ्या नावाने निघत होते. आणखी १२ कोटींच्या मागण्यांत ग्राहकाने थोरलीचा माल बंद करून धाकटीचा तसलाच, किंचित स्वस्त माल सुरू केला होता. हे दोन्ही वगळून खरी जादा विक्री ३० कोटींची उरली. तीही मिळवण्यासाठी सवलत आणि जादा दलाली द्यावी लागली होती, त्यामुळे हाती राहणारे प्रमाण ३० ऐवजी २२ टक्के होते. २२ कोटींच्या जागी ६.६ कोटी आले.

इथवर जे वजा झाले ते मोजणीतल्या चुकांचे होते. यापुढचे नुकसान अहवालात मुळी विषयच नव्हता. दोन्ही कंपन्यांचे सुमारे साठ ग्राहक सामाईक होते. मोठे ग्राहक महत्त्वाच्या मालासाठी एकाच पुरवठादारावर विसंबत नाहीत, आणि या साठ जणांनी थोरली व धाकटी अशा दोघींना ठेवले होते ते त्याचसाठी. विलीनीकरणानंतर त्यांच्या दृष्टीने दोन पुरवठादारांचा एक झाला, मग त्यांनी आपल्या खरेदीचा काही हिस्सा तिसऱ्याकडे वळवला. याबद्दल कोणी तक्रारीचे पत्र लिहीत नाही, करारही मोडत नाही. पुढच्या तिमाहीची मागणी थोडी कमी येते, इतकेच. विक्री विभाग प्रत्येक ग्राहकाची घट वेगळी पाहतो, आणि प्रत्येक घटीला त्याच्याकडे एक स्वतंत्र स्पष्टीकरण असते.

ही गळती दिसावी म्हणून तुलनेचा एक गट बनवावा लागला. विलीनीकरणाआधी सामाईक ग्राहक दोघींकडून मिळून वर्षाला २०० कोटींचा माल घेत होते. फक्त एकाच कंपनीचे असलेले, पण त्याच व्यवसायांतले जे ग्राहक होते, त्यांची खरेदी दोन वर्षांत ५ टक्क्यांनी वाढली होती. सामाईक ग्राहकही त्याच गतीने वाढले असते तर त्यांची खरेदी २१० कोटी झाली असती. जुन्याच दरांनी मोजली तर ती प्रत्यक्षात १७० कोटी होती. म्हणजे ४० कोटींची विक्री आणि ३० टक्क्यांनी १२ कोटींचा लाभ गेला. शिवाय दोन्ही कंपन्यांच्या दरयाद्या आता एकाच टेबलावर आल्या होत्या, आणि सामाईक ग्राहकांनी दोन दरांपैकी कमी असलेला दर सगळ्या मालाला मागून घेतला. त्यात आणखी ४ कोटी गेले. अशी तुलना काटेकोर प्रयोगाइतकी भक्कम नसते. दोन्ही गटांच्या मागणीत इतर फरकही असू शकतात, म्हणून नियंत्रकांनी १२ कोटींच्या शेजारी ९ ते १५ कोटींची मर्यादा लिहिली. पण मर्यादेचे कोणते टोक धरले तरी महसुलातली एकूण सिनर्जी उणेच येत होती. मधला आकडा घेतल्यास ६.६ मधून १६ वजा जाऊन उणे ९.४ कोटी. आश्वासन अधिक ३० चे होते.

याच धर्तीचा एक खर्चही राहून गेला होता. थोरलीच्या कर्मचाऱ्यांचे वेतनमान वरचे होते, आणि एकाच कामाला दोन पगार फार काळ चालत नाहीत. धाकटीच्या लोकांना वरच्या वेतनमानात आणण्यात वर्षाला ५ कोटी वाढले. मनुष्यबळ विभागाने ते ‘नियमित वेतनवाढ’ म्हणून दाखवले होते.

आता बेरीज करता येते. खरेदी ३२, मनुष्यबळ २०, कारखाने ८, महसूल उणे ९.४, वेतनसमानता उणे ५. एकूण वार्षिक ४५.६ कोटी. त्यातले ३३ कोटी प्रत्यक्ष दुसऱ्या वर्षात उतरले होते, कारण बऱ्याच गोष्टी उशिरा सुरू झाल्या होत्या. नफ्यातली वाढ ३६ कोटींची होती. उरलेले ३ कोटी कच्च्या मालाची स्वस्ताई, ग्राहकांना दिलेली दरकपात आणि महागाई यांच्या देवघेवीतून आले होते. दोन कागदांमधली दरी बुजली.

१०४ च्या जागी ४५.६ आल्याने काय बिघडते, हे मंडळाला अधिमूल्याच्या गणिताने समजले. अधिमूल्याचे ५०० कोटी दिलेले होतेच. एकवेळचा खर्च ११० ऐवजी १३४ कोटींवर गेला होता, म्हणजे २५ टक्के कर धरून करोत्तर सुमारे १०० कोटी. या ६०० कोटींवर १० टक्के परतावा हवा, तर वर्षाला करोत्तर ६० आणि करपूर्व ८० कोटींच्या सिनर्जी लागतात, त्याही पहिल्या दिवसापासून आणि कायम टिकणाऱ्या. आश्वासनाचे १२० आणि अहवालाचे १०४ दोन्ही या रेषेच्या वर होते. ४५.६ बऱ्याच खाली होते. आश्वासन चुकणे आणि सौदा तोट्यात जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लक्ष्याच्या तीन चतुर्थांश सिनर्जी मिळाल्या असत्या तरी हा सौदा निभावला असता. म्हणून माझ्या मते कोणत्याही अहवालात ‘आश्वासन’ आणि ‘साध्य’ यांच्या शेजारी ‘अधिमूल्य भरून येण्यासाठी लागणारे’ असा तिसरा रकाना असला पाहिजे. इथे तो कोणी मांडलेला नव्हता.

त्यानंतर मोजणी एकत्रीकरण कार्यालयाकडून काढून वित्त विभागाकडे दिली गेली. बचत घडवणाऱ्यानेच ती मोजायची, ही रचना चुकीची होतीच. त्यात कार्यालयातील लोकांचा बोनस त्याच आकड्याला बांधलेला होता. नव्या नोंदवहीत प्रत्येक उपक्रम तीन पायऱ्यांनी वर चढू लागला: ठरला, करारबद्ध झाला, खातेवहीत उतरला. तिसरी पायरी गाठायला संबंधित विभागप्रमुखाने आपले अंदाजपत्रक तेवढ्याने कमी केल्याची सही लागे. प्रत्येक कलमाला आधाररेषेचे सूत्र जोडले, आणि ते सूत्र एकदा मान्य झाल्यावर निकाल पाहून बदलता येणार नाही असे ठरले. उणे कलमांसाठी वेगळे पान ठेवले. आधीच्या चोवीस मासिक अहवालांत एकही उणे ओळ नव्हती आणि एकूण आकडा एकदाही खाली आला नव्हता. कोणी पहिल्याच वर्षी हे अहवाल ओळीने लावून पाहिले असते तर शंका तेव्हाच आली असती.

तिसऱ्या वर्षी दाण्यांचा निर्देशांक ९३ वरून १०४ वर गेला आणि कराराचा दर ८८ वरून ९८ झाला. जुन्या पद्धतीने मोजले तर धाकटीच्या मालावर १.६ कोटी वाचले आणि थोरलीच्या मालावर २.४ कोटी जादा गेले. खरेदी विभागाची १९.२ कोटींची कामगिरी एका वर्षात उणे ८० लाखांवर आली असती. निर्देशांकाच्या पद्धतीने तीच बचत सुमारे ७ कोटी दिसत होती, आणि खरेदीप्रमुखांनी त्या तिमाहीच्या बैठकीत आधाररेषेचे सूत्र सगळ्यांना स्वतःच समजावून सांगितले.

छत्तिसाव्या महिन्याचा आकडा असा होता: खरेदी ३६, मनुष्यबळ २०, कारखाने १३, महसूल उणे ६, वेतनसमानता उणे ५, एकूण ५८ कोटी. भागधारकांना १२० च्या शेजारी तोच आकडा सांगण्यात आला आणि गुडविलच्या, म्हणजे कंपनी घेताना तिच्या मालमत्तेच्या मूल्यापेक्षा जास्त दिलेल्या आणि ताळेबंदात नोंदलेल्या रकमेच्या, वार्षिक तपासणीतही तोच वापरला गेला. सामाईक ग्राहकांपैकी काहींची खरेदी थोडी परत आली होती. बहुतेकांनी तिसऱ्या पुरवठादाराशी दीर्घ मुदतीचे करार केले होते.